प्रॉक्सिमिटी सेन्सर फडफडतोय: चेन कन्व्हेयरवरच्या सहा दिवसांच्या नोंदी

नोंद १ – ३ जून

आधी मांडणी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कशाचे आहेत ते कळेल. चेन कन्व्हेयर आहे, वेग मिनिटाला १२ मीटर. एकूण ४८ कॅरिअर, दोन कॅरिअरमध्ये ६०० मिमी अंतर. म्हणजे दर तीन सेकंदाला एक कॅरिअर, तासाला १२००, आणि तासाभरात प्रत्येक कॅरिअर बरोबर २५ वेळा सेन्सरसमोरून जातो. प्रत्येक कॅरिअरला बाजूला लोखंडी पट्टी बोल्ट केली आहे: चालीच्या दिशेने ४० मिमी, उंची २५, जाडी ३. ती पट्टी सेन्सरसमोर साधारण २०० मिलिसेकंद असते.

सेन्सर एम१८ इंडक्टिव्ह, फ्लश बसणारा, तीन वायरचा, पीएनपी, नॉर्मली ओपन. रेटेड अंतर ५ मिमी. तिथून १६ मीटर शील्डेड केबल पॅनेलपर्यंत येते. पीएलसीच्या इनपुटला फिल्टर ३ मिलिसेकंद.

तक्रार अशी की मोजणी पुढे पळते आणि स्टॉपर चुकीच्या कॅरिअरला उघडतो. एक तास घड्याळ लावून पाहिलं: १२०० च्या जागी १२७४.

पहिली चूक सगळे करतात तीच झाली. काहीही न मोजता सेन्सर बदलला. दुपारी जादा मोजणी बरीच खाली आली, सगळे खूश. दुसऱ्या पाळीत कुणाच्या तरी लक्षात आलं की नवा सेन्सर जुन्या रंगाच्या खुणेपेक्षा पुढे आहे. कॅरिअर धडकेल या भीतीने तो मागे घेऊन खुणेवर बसवला, आणि मोजणी पुन्हा सत्तरीच्या घरात. एम१८ च्या बॉडीला १ मिमी पिचचा आटा असतो. अर्धा फेरा म्हणजे अर्धा मिमी. सेन्सर बदलल्याने काही झालं नव्हतं, अर्ध्या मिमीने झालं होतं. हे त्याच दिवशी ओळखायला हवं होतं.

दुसरी चूक: इनपुट फिल्टर ३ वरून १२ मिलिसेकंदांवर नेला. जादा मोजणी २९ वर आली. २०० मिलिसेकंदांच्या खऱ्या पल्सला १२ चा फिल्टर काही करत नाही, त्यामुळे वरवर पाहता हा उपाय फुकटातला वाटतो. पण १२ पेक्षा लांब खंड तसेच राहिले, आणि छोटे दिसेनासे झाल्याने नेमकं कुठे काय होतंय हे शोधायचं साधनच गेलं. फिल्टर परत ३ वर आणला. तपास संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही असं ठरलं. गेलेला वेळ: जवळपास पूर्ण दिवस.

नोंद २ – ४ जून, सकाळ

"जादा पल्स येतात" एवढ्यावर काहीच शोधता येत नाही. पल्स कधी येतात ते हवं. पीएलसीत एवढंच टाकलं:

```
rEdge(CLK := xProx);
IF rEdge.Q THEN
  dt := tNow - tGood;
  IF dt < T#300MS THEN
    nNear := nNear + 1;
  ELSIF dt < T#2800MS THEN
    nGap := nGap + 1;
  ELSE
    nGood := nGood + 1;
    tGood := tNow;
  END_IF;
END_IF;
```

`tNow` म्हणजे चालू मिलिसेकंद घड्याळ. पट्टी आल्यापासून ३०० मिलिसेकंदांच्या आत सिग्नलची कड पुन्हा आली तर ती पट्टीसमोरच फडफडली, ती `nNear` मध्ये. समोर काहीच नसताना आली तर `nGap` मध्ये. पुढचा कॅरिअर येण्याआधीच्या शेवटच्या २०० मिलिसेकंदांत खोटा पल्स आला तर हिशेब एका घराने चुकतो, पण तेवढं चालतं. स्कॅन २ मिलिसेकंदांचा आहे.

एका तासाचा निकाल: खरे १२००, पट्टीजवळचे ५१, मोकळ्या जागेतले २३.

त्याच वेळी मोबाइल सेन्सरच्या मागच्या एलईडीवर रोखून २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घेतला. एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची पडते, डोळ्याला न दिसणारं त्यात दिसतं. पट्टी समोर असताना एलईडी मध्येच विझून पुन्हा पेटताना स्पष्ट दिसला. मोकळ्या जागेत मात्र पीएलसीने पल्स नोंदवला तेव्हा एलईडी गप्प होता.

इथेच काम निम्मं झालं. एलईडी सेन्सरच्या आत बसलेला असतो. तो स्वतः फडफडत असेल तर दोष डोक्याकडे: अंतर, पट्टी किंवा सप्लाय. तो शांत असताना पीएलसी पल्स मोजत असेल तर दोष केबलकडे. आपल्याकडे दोन वेगळे आजार एकाच काउंटरमध्ये मिसळले होते, म्हणूनच आदल्या दिवशीचा कुठलाही उपाय अर्धवट लागू पडत होता.

नोंद ३ – ४ जून, दुपार: सप्लाय

मल्टिमीटरने पॅनेलमध्ये २२.१ व्होल्ट डीसी दाखवले. सेन्सर १० ते ३० वर चालतो, म्हणून "सप्लाय ठीक" असं लिहून पुढे जायची तयारी होती. पण मीटर सरासरी दाखवतो. स्कोप लावल्यावर वेगळंच चित्र दिसलं.

सेन्सर ज्यावर आहेत तो पॅक जुन्या पद्धतीचा निघाला: ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, एक मोठा कपॅसिटर आणि पुढे रेग्युलेटर नाही. स्कोप एसी कपलिंगवर, १ व्होल्ट प्रति घर, ५ मिलिसेकंद प्रति घर. करवतीच्या दात्यांसारखी लाट, दर १० मिलिसेकंदांनी एक दाता, शिखरापासून तळापर्यंत ३.९ व्होल्ट. ५० हर्ट्झच्या लाइनला फुल वेव्ह ब्रिज असला की रिपल १०० हर्ट्झचाच येतो. डेटाशीटमध्ये रिपलची मर्यादा सप्लायच्या १० टक्के, म्हणजे २४ व्होल्टवर २.४ व्होल्ट, शिखर ते तळ. आपण बरेच बाहेर.

कपॅसिटरवर ४७०० मायक्रोफॅरड छापलं आहे. लोड ०.६ अँपिअर मोजला. ढोबळ हिशेब असा: रिपल म्हणजे करंट भागिले (वारंवारता गुणिले कपॅसिटन्स). ०.६ भागिले (१०० × ०.००४७) म्हणजे सुमारे १.३ व्होल्ट यायला हवा. ३.९ येतोय, म्हणजे कपॅसिटर १५०० च्या आसपास उरलाय. काढून पाहिला तर वरची टोपी फुगलेली, बुडाशी तपकिरी डाग. तो पॅकमध्ये हीट सिंकला चिकटून बसवला होता. एवढ्या उष्णतेत इलेक्ट्रोलाइट सुकायचंच.

मोजतानाची एक गडबड लिहून ठेवतो. पहिल्यांदा प्रोबची लांब क्लिप वायर वापरली, तर रिपलवर एक-एक व्होल्टचे काटे दिसले. ते काटे खरे नव्हते. क्लिप वायरच अँटेना झाली होती. प्रोबच्या टोकावर छोटी स्प्रिंग लावून थेट टर्मिनलवर धरल्यावर काटे गेले, करवत तशीच राहिली. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची होती पण तेव्हा तिच्याकडे दुर्लक्ष झालं: स्कोपची क्लिप ० व्होल्टला लावली की मोकळ्या जागेतले पल्स कमी यायचे. स्कोपची क्लिप आतून अर्थला जोडलेली असते. म्हणजे आपला ० व्होल्ट अर्थशी कुठेच बांधलेला नव्हता, तो क्लिपने तात्पुरता बांधला जात होता. हा धागा नोंद ५ मध्ये परत येईल.

कपॅसिटर बदलून रिपल १.२ वर आणला, मग सायंकाळी पॅकच काढून २४ व्होल्ट, २.५ अँपिअरचा रेग्युलेटेड एसएमपीएस बसवला. जंक्शन बॉक्समध्ये, म्हणजे सेन्सरच्या टोकाला, ६० मिलिव्होल्ट. मोजमाप नेहमी तिथेच घ्यावं. पॅनेलमध्ये सगळं सुंदर दिसतं.

निकाल: पट्टीजवळचे ५१ वरून ३७. मोकळे २३ चे २३.

अपेक्षा जास्त होती. खरं तर जुन्या पॅकवरही व्होल्टेज २० च्या खाली जात नव्हतं, त्यामुळे सेन्सर उपाशी पडून बंद होत होता असं म्हणता येत नाही. रिपलमुळे सेन्सरचा चालू-बंद होण्याचा उंबरठा दर १० मिलिसेकंदांनी किंचित पुढेमागे होत होता. पट्टी उंबरठ्यापासून लांब असती तर याचा पत्ताही लागला नसता. जुन्या लॉगमध्ये पट्टीजवळच्या कित्येक पल्समधलं अंतर १०, २०, ३० मिलिसेकंदांच्या जवळपास होतं. ते नव्या लॉगमध्ये नाहीत. उरलेले ३७ अंतराचे.

नोंद ४ – ५ जून: अंतर आणि पट्टी

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो सार्थकी लागला.

गॅप मोजायला आधी स्टीलचा फीलर गेज घेतला आणि एलईडी पाहत बसलो. मूर्खपणा. गेजची पातीच सेन्सरला दिसते. मग प्लास्टिकच्या शिम पट्ट्या ०.१ मिमीच्या टप्प्याने रचून मोजलं. लाइन थांबवून, एकेक कॅरिअर समोर आणून, ४८ च्या ४८. पावणेतीन तास लागले. नमुना म्हणून पाच-सहा मोजून भागलं नसतं, का ते पुढे कळेल.

गॅप ३.४ ते ४.६ मिमी. कागदावर सेन्सर ५ चा, म्हणून "आत आहे" असं वाटतं. इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. ५ हा नाममात्र आकडा आहे. एकाच मॉडेलच्या दोन सेन्सरमध्ये १० टक्के इकडेतिकडे चालतं, त्यावर तापमान आणि व्होल्टेजचे आणखी १० टक्के. ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१. खात्रीचं अंतर ५ च्या ०.८१ पट, म्हणजे ४.०५ मिमी. तेही पट्टी प्रमाण मापाची असेल तर: साधं लोखंड, १ मिमी जाड, चौरस, बाजू सेन्सरच्या व्यासाएवढी किंवा रेटेड अंतराच्या तिप्पट, जे मोठं असेल ते. एम१८, ५ मिमीसाठी १८ मिमीचा चौरस.

आपली पट्टी ४० बाय २५, म्हणजे चौरसापेक्षा मोठीच. पण बाजूने नीट पाहिलं तर ब्रॅकेट खाली बसलेलं. सेन्सरचं केंद्र पट्टीच्या खालच्या कडेपासून फक्त ३ मिमी वर. १८ मिमीच्या तोंडातलं १२ मिमीच पट्टीने झाकलं जातं, खालचे ६ मिमी हवेत. पट्टी मोठी असून उपयोग काय, समोर पूर्ण येतच नाही. एक सुटी पट्टी त्याच उंचीवर धरून हळूहळू जवळ नेली: ४.४ ला चालू, परत लांब नेताना ४.७ ला बंद. हाच फरक, ०.३ मिमी, म्हणजे हिस्टेरेसिस.

आता चेनचं हलणं मोजलं. कॅरिअरला डायल गेज टेकवून लाइन चालवली. गाइड रेलमधल्या झिजेमुळे पट्टी दोन्ही बाजूंना ०.४ हलते, म्हणजे एकूण ०.८. हिस्टेरेसिस ०.३ आणि हलणं ०.८. ज्या कॅरिअरचा गॅप ४.५ आहे त्याची पट्टी २०० मिलिसेकंदांत ४.१ आणि ४.९ च्या मध्ये डोलते. ४.४ च्या आत आली की चालू, ४.७ च्या बाहेर गेली की बंद. फडफडीचं सगळं गणित एवढंच आहे. फिल्टर १२ वर नेल्याने ती का थांबली नाही तेही यात आलं. यंत्राचं हलणं संथ असतं, खंड बरेचदा १५-२० मिलिसेकंदांचे होते.

पीएलसीत कॅरिअर क्रमांकाप्रमाणे पट्टीजवळचे पल्स वेगळे मोजले. ३७ च्या ३७ पल्स नऊ कॅरिअरांचे. एकट्या १७ नंबरचे १२. त्यातल्या सात कॅरिअरांचा गॅप ४.४ ते ४.६ मध्ये होता, पट्ट्या आत वाकलेल्या. हे अपेक्षितच.

पण उरलेले दोन, २६ आणि ४१, या दोघांचाही गॅप ३.६. हे तर सगळ्यात जवळच्यांपैकी. मोजण्यात चूक असेल म्हणून दोनदा मोजलं. शेवटी पट्ट्यांकडे हात लावून पाहिलं. बाकीच्यांवर गंजाचे पापुद्रे, यांच्यावर काहीच नाही. चुंबक लावला तर चिकटेना. कधीतरी दुरुस्तीत हाताला लागली ती स्टेनलेसची पट्टी बसवलेली. स्टेनलेससमोर इंडक्टिव्ह सेन्सरचं अंतर घटतं. मिश्रधातूप्रमाणे गुणक बदलतो, डेटाशीटमध्ये साधारण ०.७ च्या आसपासचे आकडे असतात. अॅल्युमिनियम किंवा तांबं असतं तर निम्म्याहूनही खाली. ही पट्टी मोजली तर ३.७ ला चालू, ३.९५ ला बंद. ३.६ अधिक हलण्याचे ०.४ म्हणजे ४.०. बाहेर. म्हणूनच सगळे ४८ मोजावे लागले. पाच-सहांचा नमुना घेतला असता तर हे दोन सुटले असते आणि "थोडं उरलंय" म्हणत महिनाभर भूत शोधत बसावं लागलं असतं.

केलेली दुरुस्ती: दोन स्टेनलेस पट्ट्या काढून लोखंडी लावल्या. वाकलेल्या सात सरळ केल्या, आता ४८ चा गॅप ३.४ ते ४.१. ब्रॅकेटखाली ६ मिमीची प्लेट घालून सेन्सर वर घेतला, त्यामुळे तोंड पूर्ण झाकलं जातं. सुट्या पट्टीवर चालू ४.९, बंद ५.२. मग सेन्सर सव्वा फेरा पुढे घेतला, म्हणजे १.२५ मिमी. गॅप २.१५ ते २.८५. हलणं धरून १.७५ ते ३.२५. खात्रीच्या ४.०५ पर्यंत ०.८ शिल्लक, आणि धडकायलाही पावणेदोन मिमी शिल्लक. जुनी रंगाची खूण खरवडून नवी केली. ती राहिली असती तर पुन्हा कुणीतरी तिच्यावर बसवणारच.

नॉन-फ्लश ८ मिमीचा सेन्सर लावायची सूचना आली होती. नाही घेतला. त्याला तोंडाच्या आजूबाजूला धातू चालत नाही आणि आपलं ब्रॅकेट तोंडापर्यंत येतं. लावला असता तर ब्रॅकेटच पाहून कायमचा चालू राहिला असता, किंवा त्याहून वाईट म्हणजे उंबरठ्यावर अडकला असता.

तीन तासांचा निकाल: पट्टीजवळचे ०. मोकळे तासाला २२, २४, २३.

नोंद ५ – ६ जून: केबल आणि शील्ड

आता एकच आजार उरला, त्यामुळे चाचण्या सोप्या. सेन्सर ब्रॅकेटमधून काढून हवेत टांगला, लाइन २० मिनिटं चालवली: ८ पल्स. सेन्सरचा कनेक्टरच काढला, केबलचं टोक मोकळं: ९. पीएलसीच्या टर्मिनलवरून काळी वायर सोडवली: ०. म्हणजे सेन्सर सुटला, पीएलसी सुटला, १६ मीटर केबल पकडली गेली.

पल्सच्या वेळा शेजारच्या लिफ्टरच्या आउटपुटशी ताडून पाहिल्या. प्रत्येक पल्स लिफ्टर मोटरचा ब्रेक सुटताना नाही, तर ब्रेक कॉइलचा पुरवठा तुटताना, ४० मिलिसेकंदांच्या आत. कॉइलचा पुरवठा रिलेच्या कॉन्टॅक्टने तुटतो, कॉइलवर सप्रेसर नाही. कॉन्टॅक्ट उघडताना ठिणगी पडते, तुटते, पुन्हा पडते, आणि हा धक्क्यांचा झरा काही मिलिसेकंद चालतो. म्हणूनच ३ चा फिल्टर कधीकधी फसायचा. ब्रेकची वायर सेन्सरच्या केबलसोबत एकाच ट्रेमध्ये, १६ पैकी ११ मीटर अंगाला अंग लावून.

पण शील्ड तर होती! मग तिने अडवलं का नाही? पॅनेलमध्ये पाहिलं तर शील्डची जाळी पिळून तिची १५ सेंटिमीटरची शेपटी केलेली, आणि ती शेपटी ० व्होल्टच्या टर्मिनलला. दुसऱ्या टोकाला शील्ड कनेक्टरच्या धातूच्या नटावर, नट सेन्सरवर, सेन्सर ब्रॅकेटवर, ब्रॅकेट फ्रेमवर. म्हणजे फ्रेमवरचा सगळा कचरा शील्डमधून थेट सेन्सर सर्किटच्या ० व्होल्टमध्ये ओतला जात होता. शील्डभोवती क्लँप मीटर लावला: १८० मिलिअँपिअर. काहीही न करणाऱ्या शील्डमध्ये एवढा करंट असू नये. फ्रेम आणि पॅनेलची अर्थ पट्टी यांच्यात १.४ व्होल्ट एसी मिळाले. फ्रेमची अर्थिंगची वायर होती, पण लग रंगावर कसलेला. वर बोल्ट चकचकीत, खाली इनॅमल.

इथे तिसरी चूक. "शील्ड एकाच टोकाला बांधायची" एवढं डोक्यात ठेवून पॅनेलकडचं टोक सोडवलं. तासाला २३ वरून ६१. शील्ड आता फक्त त्या अस्वस्थ फ्रेमला बांधलेली, सेन्सरच्या वायरभोवती १६ मीटर गुंडाळलेली. एका टोकाला बांधायची तर कुठल्या टोकाला, हे वाक्याच्या पुढच्या अर्ध्या भागात असतं आणि तो अर्धा भाग विसरला जातो. शांत टोकाला, म्हणजे पॅनेलच्या अर्थला.

मग क्रमाने, प्रत्येक पायरीनंतर एक तास मोजून:

पॅनेलकडचं टोक परत जोडलं पण ० व्होल्टऐवजी अर्थ पट्टीला, आणि फील्डकडचं टोक सोडवलं. शील्डमधला करंट शून्य, पल्स ९. पिळलेली शेपटी काढली, केबलचं आवरण पॅनेलच्या तोंडाशीच सोलून जाळीला चारही बाजूंनी धरणारा क्लँप अर्थ केलेल्या प्लेटवर बसवला. पल्स ४. जलद धक्क्यांना १५ सेंटिमीटरची शेपटी म्हणजे जवळपास उघडी वायरच असते, कितीही जाड असली तरी. ० व्होल्ट एसएमपीएसच्या टर्मिनलजवळ एका जागी अर्थला बांधला. पल्स २. (नोंद ३ मध्ये स्कोपच्या क्लिपने हेच सांगितलं होतं. दोन दिवस आधी ऐकलं असतं तर बरं झालं असतं.) फ्रेमच्या लगखालचा रंग घासून काढला, चपटी जाळीची पट्टी लावली, फ्रेम ते पॅनेल अर्थ आता ०.०५ व्होल्ट. पल्स २ च.

शेवटी मुळावर गेलो. ब्रेक कॉइलच्या टोकांवर, मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये, सप्रेसर म्हणून व्हॅरिस्टर लावला. पल्स ०. व्हॅरिस्टर काढला, २. लावला, ०. साधा डायोडही चालला असता, पण त्याने कॉइलमधला करंट सावकाश विझतो आणि ब्रेक उशिरा पकडतो. लिफ्टर वर असताना ते परवडत नाही.

ब्रेकवर काम करताना लिफ्टर खाली टेकवून आणि पुरवठा कुलूप लावून बंद करूनच बॉक्स उघडला. हे नोंदवून ठेवतो कारण घाईत पहिला विचार "दोन मिनिटांचं काम आहे" असाच आला होता.

नोंद ६ – ७ जून

केबल वेगळ्या ट्रेमध्ये हलवली, ब्रेक आणि मोटरच्या वायरपासून २०० मिमीवर. जिथे ओलांडावं लागतं तिथे काटकोनात. पल्स आधीच शून्य होते, म्हणून याचा वेगळा परिणाम दाखवता येत नाही. तरी केलं, कारण व्हॅरिस्टर कधीतरी मरेल आणि तो मेला हे कुणाला कळणार नाही.

आता फ्रेम नीट अर्थ झाल्यावर शील्ड दोन्ही टोकांना बांधता आली असती, जलद धक्क्यांना ते जास्त चांगलंही. पण तो लग पुन्हा सैल पडला की शील्डमधून करंट वाहायला लागेल. चालू-बंद सेन्सरला एक टोक पुरतं आहे, तसंच ठेवलं. एनकोडरची केबल असती तर निर्णय उलट घेतला असता.

नोंद ७ – ८ जून

आठ तासांची पूर्ण पाळी. खरे ९६००, पट्टीजवळचे ०, मोकळे ०. फिल्टर ३ वरच.

लागलेलं सामान: एक २.५ अँपिअरचा एसएमपीएस, दोन लोखंडी पट्ट्या, ६ मिमीची प्लेट, एक शील्ड क्लँप, अर्थिंगची जाळीची पट्टी, एक व्हॅरिस्टर, १६ मीटर ट्रे. वाया गेलेलं: एक चांगला सेन्सर (आता सुटा भाग म्हणून कपाटात) आणि एक कपॅसिटर, जो चार तासांत पॅकसकट निघाला. कामाचे तास साधारण ३४, त्यातले ११ पहिल्या दिवशीच्या दोन चुका आणि शील्डच्या उलट्या टोकापायी.

`nNear` आणि `nGap` हे काउंटर काढलेले नाहीत, स्क्रीनवर कोपऱ्यात ठेवले आहेत. पाळी संपताना गॅप पुन्हा शिमने मोजले तर ३१ नंबरच्या कॅरिअरचा गॅप २.८ चा ३.१ झालेला. बाकी सगळे जागेवर. बाजूचा रोलर हाताने हलवला तर खुळखुळतो. रोलर मागवला आहे. तो येईपर्यंत रोज सकाळी तेवढा एक कॅरिअर शिमने मोजायचा, ३.६ ला पोचला तर काढून ठेवायचा.